लॅपटॉप तापल्याची सूचना येते आणि लगेच सगळं रांगायला लागतं : धूळ, पेस्ट की आणखी काही?

शेवंती
नमस्कार मंडळी. मी व्याख्यानांची रेकॉर्डिंग कापून-जोडून व्हिडिओ तयार करते. लॅपटॉप पाच वर्षांचा आहे. हल्ली व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की सुरुवातीला काम झरझर होतं, पण सातआठ मिनिटांत कोपऱ्यात तापमान जास्त असल्याची सूचना येते आणि त्या क्षणापासून माऊसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो. पंखा मात्र जीव तोडून फिरत असतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के दिसतो. रिस्टार्ट केलं की थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच. व्हायरस स्कॅन करून झालं, काही सापडलं नाही. नवीन घ्यायची वेळ आली का?

चक्रमादित्य
प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधली थर्मल पेस्ट वाळली आहे, दुसरं काही नाही. पाच वर्षांत वाळतेच. उघडा, जुनी पुसा, नवीन लावा. आणि जमलं तर अंडरव्होल्ट करा, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवा, १० अंश सहज उतरतात.

मोरपीस
ताई, बॅटरी तापतेय म्हणताय ना? माझ्या भावाची अशीच तापत होती, नंतर फुगली. चार्जर लावून वापरूच नका.

शेवंती
@मोरपीस, बॅटरी नाही हो, प्रोसेसरबद्दल सूचना येते. पण तुम्ही म्हणालात म्हणून आता भीती वाटायला लागली.

लोहचुंबक
मोरपीस यांनी प्रश्न वेगळा घेतला, पण त्यांचं म्हणणं आधी तपासून मोकळ्या व्हा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतोय का, टचपॅड वर आल्यासारखा वाटतोय का, झाकण नीट मिटत नाही असं होतंय का? यातलं काही असेल तर बाकी सगळं थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. नसेल तर पुढे वाचा.

जे होतंय त्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तो बिघाड नाही. प्रोसेसरच्या आतच तापमापक असतात. बऱ्याच लॅपटॉप-प्रोसेसरना साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअस ही मर्यादा घालून दिलेली असते. तिथे पोचलं की तो स्वतःचा वेग आणि त्याबरोबर व्होल्टेज उतरवतो. उष्णता कमी तयार होते, तापमान थोडं खाली येतं, वेग पुन्हा चढतो, पुन्हा मर्यादा गाठतो. तुमचा बाण अडखळतो तो या चढउतारामुळे. इतकं करूनही तापमान चढतच राहिलं तर यंत्र सरळ बंद पडतं.

म्हणजे प्रोसेसर शहाणपणाने वागतोय. प्रश्न आहे तो इतकाच, की उष्णता बाहेर का पडत नाही. त्याची दोनतीन कारणं असू शकतात आणि ती न उघडता बऱ्यापैकी वेगळी ओळखता येतात. चक्रमादित्य म्हणतात ती पेस्ट हे त्यातलं एक. पण आधी पाहू, मग उघडू.

HWiNFO64 हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, उघडताना "Sensors-only" निवडा. त्यात प्रोसेसरच्या पॅकेजचं तापमान, कोअरचा वेग आणि "Thermal Throttling" अशी ओळ दिसेल, तिच्यापुढे Yes किंवा No येतं. एक्स्पोर्ट सुरू करा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा. सुरू करण्याआधी, अर्ध्या मिनिटाने, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी आणि सूचना आल्यावर : दर वेळी तापमान आणि वेग लिहा. मग एक्स्पोर्ट थांबवा आणि तापमान किती वेळात उतरतं तेही बघा. हा शेवटचा भाग सगळे विसरतात.

त्याच वेळी जाळीतून येणाऱ्या हवेसमोर हात धरा. हवा जोरात येते की जेमतेम? कोमट की चटका देणारी?

चक्रमादित्य
एवढी उठाठेव कशाला? शेवटी पेस्ट बदलायचीच आहे.

लोहचुंबक
कदाचित. पण पेस्ट बदलायची तर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, उचलावा लागतो, आणि एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही, नवी लावावीच लागते. धूळ असेल तर तिथे हातही लावायची गरज नाही. अंडरव्होल्टिंगचं म्हणाल तर २०१९मध्ये त्यातली एक सुरक्षेची त्रुटी उघड झाली. त्यानंतर अनेक यंत्रांवर बायोस अपडेटने ते बंद करून टाकलं आहे.

अर्धविराम
माझं पण हेच होतं! लॅपटॉप अचानक गोगलगाय होतो, वेग ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकतो आणि काही केल्या वर जात नाही. मी मागचं झाकण काढून पंखा साफ केला, काडीचाही फरक नाही. आता पेस्ट मागवू का?

लोहचुंबक
@अर्धविराम, त्या वेळी तापमान किती असतं?

अर्धविराम
४३-४४. गार असतो तसा. म्हणून तर कळत नाही.

लोहचुंबक
मग तुमचं हे नव्हे. ४४ अंशाला कोणताही प्रोसेसर उष्णतेमुळे हळू होत नाही. वेग तळाला खिळलेला आणि यंत्र गार, असं दिसलं की पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यायचा. चार्जर मूळ नसेल, कमी वॅटचा असेल, किंवा मूळचाच असून लॅपटॉपला ओळखू येत नसेल, तर बोर्ड प्रोसेसरला "हळू हो" असा इशारा देतं. चार्जर पूर्ण काढा, बॅटरीवर रिस्टार्ट करा आणि वेग बघा. एखादा सेन्सर किंवा बॅटरी बिघडली तरीही हाच इशारा जातो, तेव्हा चार्जरने सुटलं नाही तर पुढे बोलू.

भिंगरी
मध्येच घुसते. लिनक्सवर हे कसं बघायचं? माझाही तापतो, पण HWiNFO चालत नाही.

लोहचुंबक
तापमान `sensors` या आज्ञेने दिसतं. इंटेल प्रोसेसर असेल तर सुरू केल्यापासून किती वेळा थ्रॉटल झाला याचा आकडाही मिळतो :

```
cat /sys/devices/system/cpu/cpu0/thermal_throttle/core_throttle_count
```

कामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा बघायचा. वाढला असेल तर कारण उष्णताच.

शेवंती
केलं सगळं. आधी बॅटरीचं : डुगडुगत नाही, टचपॅड जागेवर आहे, हुश्श.

आकडे असे. सुरू करण्याआधी ५८ अंश. एक्स्पोर्ट सुरू केल्यावर लगेच वेग ३.४ गिगाहर्ट्झ आणि तापमान ७६. अर्ध्या मिनिटाने वेग २.६ झाला, तापमान ७४. दोन मिनिटांनी २.६ आणि ८१. पाच मिनिटांनी २.६ आणि ९२. आठव्या मिनिटाला ९८, सूचना आली, "Thermal Throttling" पुढे Yes, आणि वेग १.१ ते २ यांच्यात हेलकावे खायला लागला. थांबवल्यावर सहा मिनिटं झाली तरी ७० वरच होतं.

हवा अगदी मंद येते, पण जी येते ती खूपच गरम. पंख्याचा आवाज मात्र पूर्ण.

एक विचारू? अर्ध्या मिनिटातच ३.४ वरून २.६ झाला, तेव्हा तर गरमही नव्हता. तेही थ्रॉटलिंगच का?

लोहचुंबक
उत्तम नोंदी. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे पुष्कळ जण फसतात. पहिली घसरण उष्णतेची नाही. पातळ लॅपटॉपच्या प्रोसेसरला थोडा वेळ, अनेकदा २८ सेकंद, ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढायची मुभा असते. ती संपली की तो नेहमीच्या मर्यादेवर येतो. नवा होता तेव्हाही असंच होत असणार. कुठलीही सूचना तेव्हा येत नाही, ते बरोबरच आहे.

खरी गोष्ट त्यानंतरची. वेग २.६ वर स्थिर, म्हणजे तयार होणारी उष्णता साधारण तेवढीच, तरी तापमान ७४ वरून ९८ पर्यंत सावकाश चढत गेलं. आणि काम थांबवल्यावर उतरलंही सावकाश. याचा अर्थ प्रोसेसरकडून हीटसिंककडे उष्णता व्यवस्थित जातेय, पण हीटसिंकमधून हवेत जात नाहीये. सगळा धातू हळूहळू तापतो आणि तापलेलाच राहतो.

पेस्ट खराब असती तर चित्र उलटं दिसलं असतं. काम सुरू करताच दोनचार सेकंदांत ९५ च्या वर उडी, आणि थांबवताच तितक्याच झटक्यात खाली, कारण उष्णता प्रोसेसरमध्येच अडकते आणि हीटसिंक त्या मानाने गारच राहतो. त्या वेळी हवा भरपूर येते पण नुसती कोमट.

तुमच्याकडे हवा कमी आणि चटका देणारी, पंखा पूर्ण वेगात. पंखा बंद पडलेला नाही, तो ढकलतोय ती हवा पुढे अडतेय. रिस्टार्टने बरं वाटतं तेही यामुळेच : त्या दोन मिनिटांत फक्त धातू थोडा निवतो.

चक्रमादित्य
ठीक, सावकाश चढणं मान्य. पण पाच वर्षांची पेस्टही पूर्वीसारखी नसणारच की.

लोहचुंबक
नसेल. पण सुरुवातीला ५८ वरून ७६ वर जाऊन तिथे थबकला, याचा अर्थ अजून काम करतेय. धूळ काढल्यावरही तापला तर तुमचं खरं.

टवटवीत
लॅपटॉप कशावर ठेवता ते विचारलंच नाही कुणी. बऱ्याच यंत्रांत हवा आत येते ती खालच्या बाजूने. पलंगावर, उशीवर, मांडीवरच्या दुलईवर ठेवला की ती बाजू बंद. माझ्या यंत्राचे मागचे रबरी पाय झिजून पडले होते आणि टेबलावर ठेवूनही तो तळाशी चिकटत होता. खाली दोन जाड खोडरबर लावले तर पंखा शांत झाला.

शेवंती
टेबलावरच असतो. पण खाली कापडी आच्छादन आहे, जाडसर. आणि उजव्या बाजूला पुस्तकांची चळत, जाळी तिकडेच आहे... आता लिहिताना कळतंय.

लोहचुंबक
टवटवीत यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. आच्छादन काढा, पुस्तकं हलवा, मागची बाजू दोनेक सेंटिमीटर उचलून तीच चाचणी पुन्हा करा. काहीही न उघडता किती फरक पडतो ते कळेल. खोलीचं तापमान मात्र साधारण तेच असू द्या, कारण खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच वर जातो. नाहीतर थंड सकाळी केलेल्या चाचणीने उगाच आनंद होतो.

शेवंती
केली. पाच मिनिटांनी ९२ च्या जागी ८८. सूचना आली, पण आठव्याऐवजी बाराव्या मिनिटाला. हवा तशीच मंद.

लोहचुंबक
म्हणजे आत येणारी वाट थोडी अडली होती, पण मुख्य अडथळा बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. पंखा आणि हीटसिंकच्या बारीक पात्यांची जाळी यांच्या मधे धूळ-केस दाबून दाबून नमद्यासारखा थर बसतो. तो पात्यांच्या आतल्या तोंडावर असतो, म्हणून बाहेरून टॉर्च मारून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. लोक म्हणतात "धूळ नाहीये", ते याचमुळे.

रानवाटा
बाहेरून व्हॅक्युम क्लीनर लावायचा, सगळं ओढून घेतो. मी तेच करतो.

लोहचुंबक
सैल धूळ येईल, जमलेला थर येत नाही. शिवाय ओढलेल्या हवेने पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होऊ शकते. नळीच्या तोंडाशी स्थिर वीजही तयार होते, उघड्या बोर्डाजवळ ती नको. हवेच्या डब्याने बाहेरून फुंकर मारलीत तर थर सुटून पंख्यात पडतो आणि काही दिवसांत पुन्हा त्याच जागी जाऊन बसतो. नाइलाज असेल तरच तसं करा, आणि पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरा. डबा उभाच ठेवायचा, आडवा केला की आतलं द्रव बाहेर उडतं.

उघडायची तयारी असेल तर क्रम असा. हमी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी वाचा. मग लॅपटॉप पूर्ण बंद, स्लीप नव्हे. चार्जर काढा. मागचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण ते एकाच लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात घातला तर बोर्डाला किंवा कीबोर्डला इजा होते. काही यंत्रांत एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. झाकण जोर लावूनही निघत नसेल तर तो शोधा, ओढाताण करू नका. कडेच्या खाचा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने सोडवा, धातूने नाही.

उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. त्यानंतर फक्त पंखा : तो सहसा दोनतीन स्क्रूंवर असतो आणि एक बारीक वायर असते, ती वायरला धरून नव्हे, कनेक्टरला धरून सोडवायची. तांब्याची नळी आणि प्रोसेसरवरचे स्प्रिंगवाले स्क्रू यांना हात लावू नका. काही यंत्रांत पंखा आणि हीटसिंक एकाच तुकड्याचे असतात. तसं दिसलं तर थांबा आणि इथे सांगा, मग पेस्टचा विचार करावाच लागेल.

तोवर एक्स्पोर्ट अडले असतील तर तात्पुरता उपाय. प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बहुतेक यंत्रांवर टर्बो बंद होतो :

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_processor PROCTHROTTLEMAX 99
powercfg /setactive scheme_current
```

हे चार्जरवर असतानासाठी. पुन्हा पूर्ववत करायला ९९ च्या जागी 100 टाकून दोन्ही ओळी चालवा.

भिंगरी
९९ टक्के म्हणजे फक्त एक टक्का कमी ना? त्याने काय होणार?

लोहचुंबक
तो आकडा फसवा आहे. टर्बो गेला की वेग प्रोसेसरच्या मूळ वेगावर येतो, एक टक्क्याने नाही. वेगाबरोबर व्होल्टेजही उतरतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून वेग थोडा सोडला की उष्णता बरीच वाचते. शेवंतीताईंचं यंत्र १.१ आणि २ च्या मधे हेलकावे खातंय, त्यापेक्षा सलग १.८ वर चालणारं यंत्र काम आधी संपवतं आणि बाणही अडखळत नाही.

शेवंती
आज्ञा चालवून एक एक्स्पोर्ट पूर्ण केला. मूळ वेग १.८ आहे, तिथेच स्थिर राहिला, ८४ अंशांवर, सूचना नाही. आणि खरंच, गेल्या वेळेपेक्षा लवकर संपला.

उघडायचं धाडस रविवारी, धाकट्या बहिणीला सोबत घेऊन.

अर्धविराम
अपडेट : चार्जर काढून रिस्टार्ट केलं आणि वेग ३ च्या वर! चार्जर लावला की पुन्हा ०.७९. पिन आत हलतेय असं वाटतं. पेस्ट मागवली नाही ते बरं झालं.

लोहचुंबक
आधी दुसरा तितक्याच वॅटचा मूळ चार्जर कुणाकडून लावून बघा. त्यानेही तेच झालं तर चार्जर नाही, लॅपटॉपमधला जॅक.

शेवंती
झालं! पंखा वेगळा निघाला, तीन स्क्रू. आणि तुम्ही म्हणालात तसंच : पात्यांच्या आतल्या बाजूला राखाडी थर, चिमट्याने धरला तर अख्खी पट्टीच्या पट्टी निघून आली. बहिणीने फोटो काढलाय, पण किळसवाणा आहे म्हणून टाकत नाही. पंख्याची पाती मऊ ब्रशने पुसली. बाहेरची जाळी खरंच स्वच्छ होती.

मर्यादा पुन्हा १०० केली आणि तीच चाचणी. सुरू करण्याआधी ४६. पाच मिनिटांनी २.६ आणि ७७. वीस मिनिटांनी २.६ आणि ७९, तिथेच थांबलं. "Thermal Throttling" पुढे No. थांबवल्यावर दीड मिनिटात ५५. हवेचा झोत आता हाताला जाणवतो.

चक्रमादित्य
अभिनंदन. पेस्ट बदलली असती तर ७५ वर आलं असतं, एवढं बोलून गप्प बसतो.

लोहचुंबक
आलं असतंही. पण ७९ ला वेग कमी होत नसेल तर त्या चार अंशांसाठी हीटसिंक उचलायला मी कुणाला सांगणार नाही.

रानवाटा
आता खाली पंखेवालं कूलिंग पॅड घ्या म्हणजे पुन्हा होणार नाही.

टवटवीत
पॅडने धूळ जायची थांबत नाही, उलट जास्त हवा म्हणजे जास्त धूळ. माझ्या मते नुसता उंच स्टँड पुरे.

रानवाटा
माझ्याकडे पॅडने ६ अंश कमी झाले आहेत, मोजून.

लोहचुंबक
पॅडचे पंखे लॅपटॉपच्या खालच्या जाळीसमोर येत असतील तर होतात. समोर येत नसतील तर ते नुसती उंची वाढवण्याचं काम करतात. पॅडचे पंखे बंद ठेवून एकदा मोजा, मग कळेल सहातले किती पंख्यांचे आणि किती उंचीचे.

शेवंती
एक नवीन गोष्ट. टेबलावर सगळं छान, पण आज मांडीवर घेऊन काम केलं तर ७२ अंशांवरच वेग २.६ वरून १.९ झाला. सूचना नाही, "Thermal Throttling" पण No. तळ हाताला बऱ्यापैकी गरम लागत होता. हे काय आता?

लोहचुंबक
काही उत्पादक बाहेरच्या कवचाचंही तापमान बघतात आणि मांडीला चटका बसू नये म्हणून विजेची मर्यादा आधीच खाली आणतात. प्रोसेसर गार असतानाही वेग उतरतो तो असा. तुमच्या यंत्रात तसंच आहे का हे मला इथून सांगता येणार नाही. "Power Limit" नावाच्या ओळींपुढे त्या वेळी Yes येतो का ते बघा, आणि पॅकेजची वीज वॅटमध्ये दिसते, तो आकडा टेबलावरचा आणि मांडीवरचा असे दोन्ही लिहा.

मोरपीस
पण बॅटरी बघितली ना उघडल्यावर?

शेवंती
बघितली हो मोरपीस, सपाट आहे. वॅटचे आकडे संध्याकाळी टाकते.